आठ टेबलं, एक फोन आणि महिन्याच्या आठ रील्स

छोट्या खानावळीत व्हिडिओसाठी वेगळा माणूस नसतो. मालक गल्ल्यावर, आचारी शेगडीपाशी, दोन पोरं वाढायला. ज्याचा हात मोकळा असेल तो फोन उचलतो. पहिल्या आठवड्यात हौसेने रोज एक रील पडते, मग लग्नसराई लागते आणि पेज दोन महिने गप्प होतं. यावर उपाय वेळापत्रकाचा आहे. पण ते वेळापत्रक स्वयंपाकघराच्या कामावर बेतलेलं असेल तरच टिकतं.

कोल्हापुरातली आठ टेबलांची मटण थाळीची खानावळ डोळ्यांपुढे आणू. तिचा आठवडा आधीच ठरलेला आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाण्याचे वार. त्या दिवशी बाहेर माणसं ताटकळतात. सोमवारी आणि गुरुवारी वार पाळणारे फिरकत नाहीत. बुधवारी काय खायचं याचा बेत मंगळवारी संध्याकाळी होतो आणि रविवारचा शनिवारी. म्हणून रील मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास. महिन्याला आठ झाल्या. एवढ्या माणसांत यापेक्षा जास्त झेपेल असं मला वाटत नाही आणि त्याची गरजही नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. आज टाकलेली रील आजच दिसेल असं नसतं. कुणाला ती लगेच दिसते, कुणाला चार दिवसांनी, कुणाला तीन आठवड्यांनी. 'आज स्पेशल खिमा' असं लिहिलेली रील सोमवारी एखाद्याच्या फोनवर आली, तो दहा किलोमीटर गाडी मारून आला आणि खिमा नसला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून आजचं जे असेल ते व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला आणि इन्स्टाग्रामच्या स्टोरीला. चोवीस तासांनी ते आपोआप जातं. रीलमध्ये फक्त टिकणारं दाखवायचं: तांबडा रस्सा कसा होतो, कांदा-खोबरं किती भाजायचं, ताटात काय काय येतं. दरही रीलच्या चित्रावर लिहू नये. मटण महागलं की थाळीचा दर बदलतो, पण टाकलेला व्हिडिओ बदलता येत नाही. खालचा मजकूर मात्र केव्हाही दुरुस्त करता येतो. दर, वेळ, पत्ता आणि सुट्टीचा वार तिथे लिहावा.

आता चित्रणाकडे येऊ, कारण वेळापत्रक मोडतं ते इथेच. मंगळवारी रील टाकायची म्हणून मंगळवारी चित्रण करायला गेलं, की त्या दिवशी नेमका आचारी गावी गेलेला असतो. त्यापेक्षा महिन्यातून दोन सकाळी चित्रणासाठी धराव्यात: एक बुधवारची, मांसाहारी ताटासाठी, एक सोमवारची, शाकाहारी ताटासाठी. नऊ ते अकरा, गिऱ्हाईक यायच्या आत.

त्या सकाळी अख्खा व्हिडिओ काढायचा नसतो, तुकडे काढायचे असतात. रश्शाचीच रील घ्या. सुकं खोबरं कढईत तपकिरी होतंय, वाटण मिक्सरमधून बाहेर पडतंय, तेलात मसाला पडल्यावर चर्र होतंय, पातेल्यावर लाल कट चढतोय, वाटीत रस्सा ओतला जातोय, ताट टेबलावर येतंय. सहा तुकडे, प्रत्येक दहा सेकंदांचा काढायचा आणि त्यातले तीन सेकंद वापरायचे. अठरा सेकंदांची रील तयार झाली. सुरुवात ओतण्यापासून करावी, भाजण्यापासून नव्हे. पहिल्या क्षणाला पदार्थ दिसला नाही तर बघणारा पुढे सरकतो. उरलेले तुकडे फोनमध्ये 'भाजणं', 'ओतणं', 'ताट' अशा नावांच्या अल्बममध्ये ठेवले, की पुढच्या महिन्यात दोन रील्स त्यांतूनच निघतात.

फोन उभा धरावा आणि प्रत्येक तुकड्याआधी लेन्स कोरड्या फडक्याने पुसावी. फोडणीच्या वाफेने तिच्यावर तेलाचा थर बसतो आणि चित्र धुरकट येतं. पुष्कळांना वाटतं की फोनच खराब आहे. वाफ दिसायला हवी असेल तर उजेड पातेल्याच्या मागून किंवा बाजूने यायला हवा आणि मागची बाजू काळसर हवी. दिव्यांमुळे चित्रावर सरकते पट्टे दिसू लागले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडावं, कारण आपली वीज त्या लयीची आहे. तो पर्याय नसेल तर पातेलं खिडकीजवळ न्यावं. शेवटी पाठीमागे बघावं. मळका ओला कपडा, उघडी कचऱ्याची बादली हे आपल्या सवयीच्या डोळ्यांना दिसत नाही, बघणाऱ्याला पहिलं दिसतं.

गाणं लावायचा मोह होतो. पण व्यवसायाच्या खात्याला इन्स्टाग्रामवर सगळी गाणी वापरता येत नाहीत आणि हक्क नसलेलं गाणं लावलं तर आवाज बंद होऊ शकतो. फोडणीचा चर्र आवाज पुरतो. एक्झॉस्ट पंखा तो गिळून टाकतो, म्हणून तेवढे दहा सेकंद पंखा बंद करावा आणि लगेच पुन्हा सुरू करावा.

डिझायनर नाही ही अडचण तीन गोष्टी कायमच्या ठरवल्या की सुटते: एकच अक्षर, एकच रंग, मजकुराची एकच जागा. ती जागा पडद्याच्या मध्याच्या थोडी वर. तळाशी आणि उजव्या कडेला अ‍ॅपची बटणं व खात्याचं नाव येतं आणि अक्षरं झाकली जातात. शब्द पाच-सहापेक्षा जास्त नकोत. अक्षर निवडताना 'रश्श्याची' आणि 'पांढऱ्या' हे दोन शब्द टाइप करून पाहावेत. ज्या फाँटमध्ये जोडाक्षरं फुटतात तो तिथेच बाद. प्रत्येक रीलच्या मुखचित्राला वरून घेतलेलं ताट ठेवलं, तर पेज आपोआप एकसारखं दिसतं.

तयार रील्स अ‍ॅपमध्येच तारीख-वेळ लावून ठेवता येतात. त्यासाठी खातं प्रोफेशनल असावं लागतं. तारखा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहाव्यात, कारण सण, एकादशी, संकष्टी सगळं तिथे समोर असतं. कोल्हापुरात आखाडातला शेवटचा रविवार तुडुंब असतो आणि पुढच्या आठवड्यात श्रावण लागला की तीच खानावळ ओस पडते. अख्खा मसूर आणि भाकरीची रील श्रावण लागल्यावर काढली तर उशीर झाला. ती आषाढातल्या सोमवारी काढून श्रावणाच्या आठ-दहा दिवस आधी टाकावी, म्हणजे गरज पडेल तेव्हा ती लोकांपर्यंत पोचलेली असते.

याच दिवसांत पंचगंगेचं पाणी चढतं. २०१९ आणि २०२१ साली शहरानं काय सोसलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गल्ल्यांत पाणी शिरलेलं असताना आधी वेळ लावून ठेवलेली झणझणीत रश्शाची रील आपोआप बाहेर पडली, तर बघणाऱ्यांच्या मनाला लागतं. म्हणून वेळ लावलेली पोस्ट थांबवायची कशी हे मालकाखेरीज आणखी एकाला यायला हवं आणि खात्याचा पासवर्ड त्याच्याकडेही हवा.

महिन्याच्या शेवटी नुसते व्ह्यूज मोजू नयेत. लाखभर माणसं जेवायला येत नाहीत. दोन आकडे बघावेत. रील किती जणांनी दुसऱ्याला पाठवली, यात बहुधा गावातला मित्र मित्राला 'रविवारी जाऊया' म्हणत असतो. किती जणांनी सेव्ह केली, यात अंबाबाईच्या दर्शनाला येणारे मुंबई-पुण्याचे लोक असण्याची शक्यता अधिक. ते पुढच्या फेरीसाठी ठिकाण जपून ठेवतात. याच्या जोडीला गल्ल्यावर एक वही: नवीन माणूस दिसला की बिल घेताना विचारायचं, 'पाव्हणं, कुठनं कळलं?' आणि एक रेघ ओढायची. महिनाभरात ताटाच्या रील्सनी रेघा वाढवल्या आणि स्वयंपाकाच्या रील्सनी नुसत्या लाइक्स आणल्या असतील, तर पुढच्या आठांपैकी पाच ताटाच्या कराव्यात. दोन रील्स मात्र कायम राखीव तयार असाव्यात. ज्या सकाळी गॅसची टाकी संपते, त्या सकाळचं चित्रण राहून गेलं तरी शनिवार चुकत नाही.