खोली निवडताना: वसतिगृह की शेअर फ्लॅट? म्युनिकचा एक हिशोब

प्रवेशाचं पत्र आलं की पहिले आठ दिवस अभिनंदनात जातात. नवव्या दिवशी घरचे विचारतात, "राहणार कुठं?" आमच्या जामखेडला हा प्रश्न आईने विचारला तेव्हा माझं उत्तर तयार होतं: "बघू, पुण्यात मिळाली तशी तिथेही मिळेल." पुण्यात मी कॉट बेसिसवर राहिले होते. एका ओळखीच्या ताईने फोन केला, दोन महिन्यांचं डिपॉझिट दिलं, बॅग ठेवली. करार वगैरे काही नव्हतं. हीच सवय घेऊन मी जर्मनीत आले आणि पहिले तीन महिने तिची किंमत मोजली. म्हणून आज संशोधनाऐवजी खोलीबद्दल.

उदाहरण म्युनिकचं घेते, कारण ते मला माहीत आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हे विभाग शहरात नाहीत. ते उत्तरेला गार्शिंग नावाच्या गावात आहेत. शहरातून तिकडे यू-६ ही मेट्रो जाते. शेवटचं स्टेशन थेट कॅम्पसमध्ये, आणि शहराच्या मध्यावरच्या मारीएनप्लात्सपासून तिथपर्यंत साधारण पंचवीस मिनिटं लागतात. तुमचं शहर दुसरं असेल, पण प्रश्न हेच असतील.

पर्याय मुख्यतः दोन. पहिला, विद्यार्थी वसतिगृह. ते बहुतेक ठिकाणी 'श्टुडिरेंडनवेर्क' ही विद्यार्थी-कल्याण संस्था चालवते. दुसरा, 'वेगे', म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट, ज्यात स्वतःची खोली आणि सामाईक स्वयंपाकघर असतं.

भाड्याचा आकडा नीट वाचा

जाहिरातीत दोन भाडी असतात. 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, शब्दशः थंड भाडं. 'वार्ममीटे' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून. पण वार्ममीटेमध्येही वीज आणि इंटरनेट असेलच असं नाही. तुलना करताना सगळं धरून येणारा आकडाच घ्या, नाहीतर स्वस्त वाटणारी खोली दुसऱ्या महिन्यात महाग निघते.

वसतिगृहात बहुधा वीज, इंटरनेट, पलंग, टेबल, कपाट सगळं भाड्यातच येतं. वेगेमधली खोली पुष्कळदा रिकामी असते, अगदी दिवाही नसतो. शिवाय रेडिओ-टीव्हीची एक सक्तीची वर्गणी असते, महिन्याला अठरा युरोंच्या आसपास. ती माणशी नसून घरटी असते. वेगेमध्ये तिघांत वाटली तर प्रत्येकी सहा. वसतिगृहात मात्र खोली सार्वजनिक कॉरिडॉरवर उघडत असेल तर ती खोली म्हणजेच एक घर धरतात, आणि पूर्ण वर्गणी एकट्याला भरावी लागते. एवढं धरूनही वसतिगृह स्वस्तच पडतं, यात शंका नाही.

मग सगळे तिथेच का राहत नाहीत? कारण म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षायादी काही सेमिस्टर लांब असू शकते. दुसरं, पीएचडीवाल्यांसाठी एक खाच आहे. वसतिगृहाला अट असते ती विद्यापीठात विद्यार्थी म्हणून नाव नोंदलेलं असण्याची. जर्मनीत बरेच पीएचडी करणारे नोकरीच्या करारावर असतात आणि विद्यार्थी म्हणून नोंदलेले नसतात. त्यांचा अर्ज तिथेच थांबतो. नोंद असली तरी राहण्याला मुदत असते, आणि पीएचडी ती मुदत बघून संपत नाही. थीसिस लिहायच्या महिन्यात खोली सोडायची वेळ येऊ शकते. म्हणून अर्जाआधी त्या शहराच्या श्टुडिरेंडनवेर्कचे दोन नियम वाचा: कोण पात्र आहे, आणि किती सेमिस्टर राहता येतं.

प्रवास: पैशाचा नाही, तासांचा

जर्मनीत २०२३ पासून देशभर चालणारं एक मासिक तिकीट आहे, डॉइचलांडटिकेट. सुरुवातीला ते ४९ युरोंना होतं, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. लांब राहा की जवळ, तिकीट तेवढंच. त्यामुळे नवीन माणूस म्हणतो, "लांबची खोली शंभर युरोंनी स्वस्त आहे आणि प्रवास तर फुकटातच पडतो, मग घेऊया की!" मीही तेच म्हटलं होतं.

आता हिशोब बघा. समजा, एक खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, सगळं धरून ५६० युरो, कॅम्पसला जायला ५५ मिनिटं. दुसरी यू-६ च्याच रस्त्यावर, ६६० युरो, २० मिनिटं. फरक एका वेळचा ३५ मिनिटांचा, दिवसाला ७० मिनिटं, आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर १,५४० मिनिटं. म्हणजे जवळपास २६ तास. शंभर युरो वाचवायला तुम्ही २६ तास देता, तासाला चार युरोसुद्धा पडत नाहीत. जर्मनीतलं किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो आहे.

गाडीत बसून पेपर वाचता येतात, हे खरं. पण एकाच गाडीत ४० मिनिटं बसायला मिळणं वेगळं आणि बस, मेट्रो, पुन्हा बस असं दोनदा बदलणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात वाचन होत नाही. म्हणून मिनिटांबरोबर गाडी किती वेळा बदलावी लागते तेही मोजा.

आणि प्रवास सकाळी नऊचा बघू नका, तुमच्या सगळ्यात वाईट वेळेचा बघा. मी प्रयोगशाळेत काम करते. भट्टीतून सॅम्पल काढायची वेळ रात्री साडेअकराला आली तर तेव्हाच जावं लागतं. आठवड्याच्या दिवसांत मेट्रो रात्री साधारण एक ते पहाटे चार बंद असते, आणि त्याआधीही उशिराच्या वेळी गाड्यांमधलं अंतर वाढतं. एक बदल चुकला की पुढचा अर्धा तास थंडीत फलाटावर. ज्यांचं काम लॅपटॉपवर आहे त्यांना लांबची खोली चालू शकते. ज्यांचा प्रयोग त्यांना रात्री बोलावतो त्यांनी जवळ राहावं, खोली लहान असली तरी.

सुरक्षितता: आधी कागद, मग रस्ता

घरचे सुरक्षितता म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अंधारा रस्ता असतो. म्युनिकमध्ये मला रस्त्याने त्रास दिला नाही, कागदाने दिला.

जर्मनीत नवीन जागी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला एक कागद लागतो. फॉर्मवर त्याचं नाव `Wohnungsgeberbestätigung` असं असतं. मला पहिली खोली एका मुलीने दिली. ती स्वतः भाडेकरू होती आणि सहा महिन्यांसाठी बाहेर चालली होती. खोली छान होती, भाडं कमी होतं. कागद मागितला तेव्हा ती म्हणाली, "नोंदणी नाही करता येणार, पण कोणी विचारत नाही." तिने मूळ मालकाची परवानगीच घेतली नव्हती. माझं नाव नोंदवलं असतं तर ते उघड झालं असतं.

पुढचं सगळं साखळीसारखं अडलं. नोंदणी नाही म्हणून कर क्रमांकाचं पत्र आलं नाही. तो क्रमांक मिळाला नाही तर पगारावर सगळ्यात जास्त कपातीचा वर्ग लागू होऊ शकतो. निवास परवान्याच्या अर्जालाही नोंदवलेला पत्ता लागतो, आणि माझ्या व्हिसाचे दिवस मोजलेले होते. मूळ मालकाला कळलं असतं तर एका दिवसात बॅग उचलावी लागली असती, आणि माझ्याकडे दाखवायला करारही नव्हता. शेवटी व्हिसा संपायला पाच आठवडे असताना जास्त भाड्याची, पण नोंदणी होणारी खोली घेतली. आधीच्या खोलीचं डिपॉझिट अर्धंच परत मिळालं. आप्पांना ते मी अजून सांगितलेलं नाही.

म्हणून खोली बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नाही. "इथे आनमेल्डुंग होईल का?" हा आहे. उत्तर हो असेल तर पुढचा प्रश्न: करार कोणाबरोबर? तुम्ही मुख्य भाडेकरूच्या हाताखाली राहणार असाल तर मूळ मालकाची परवानगी लेखी बघा. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं असतं आणि ते तीन समान हप्त्यांत देता येतं, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. खोली बघण्याआधी, करार हातात नसताना कोणी पैसे मागत असेल, "मी परदेशात आहे, चावी पोस्टाने पाठवतो" म्हणत असेल, तर तिथेच थांबा. ती खोली बहुधा अस्तित्वातच नसते. भारतात बसून खोली शोधताना हा धोका सगळ्यात मोठा आहे. ओळखीच्या कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवा, निदान व्हिडिओ कॉलवर जिन्यापासून खोलीपर्यंत दाखवायला सांगा.

वसतिगृहात हा कागदाचा धोका जवळजवळ नसतोच. करार संस्थेबरोबर असतो आणि नोंदणीचा कागद सहज मिळतो. त्याची खरी किंमत भाड्याइतकीच इथेही आहे.

त्यानंतर रस्ता. खोली दिवसा बघितली असेल तर एकदा रात्री साडेदहाला स्टेशनपासून दारापर्यंत चालून बघा. हिवाळ्यात इथे दुपारी साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा ही वाट तुम्ही महिनोन् महिने अंधारातच चालणार आहात. मुलींनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: खोलीला स्वतःचं कुलूप आहे का, आणि फ्लॅटच्या किल्ल्या आणखी कोणाकडे आहेत.

मग मी काय करेन?

आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर प्रवेशाचं पत्र आल्याच्या दिवशी, पात्र असल्यास, वसतिगृहाचा अर्ज टाकेन. तो नंबर लागेपर्यंत सहा महिन्यांची, नोंदणी होणारी, कॅम्पसच्याच मेट्रोमार्गावरची वेगेतली खोली घेईन, थोडी महाग पडली तरी. आणि नोकरीच्या करारावर असल्यामुळे वसतिगृह मिळणारच नसेल, तर पहिल्या सहा महिन्यांत, माणसं ओळखीची झाल्यावर, मुदत नसलेल्या कराराची वेगे शोधेन. अशा करारात सोडताना साधारण तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती थीसिसच्या वेळापत्रकात धरून ठेवेन.

परवा जामखेडचाच एक मुलगा खोलीची लिंक पाठवून विचारत होता, "ताई, भाडं बरोबर आहे ना?" मी त्याला भाड्याबद्दल काहीच बोलले नाही. म्हटलं, आधी त्यांना नोंदणीचं विचार. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: "नाही म्हणाले." ती लिंक त्याने सोडून दिली. आता तो दुसरी शोधतोय.