जुळणी सुरू होते काळ्यापासून

१९९४ साली आलेल्या ‘फॉरेस्ट गम्प’ चित्रपटात टॉम हँक्स राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्याशी हस्तांदोलन करतो. केनेडींची हत्या झाली १९६३ साली. त्यांचं चित्रण जुन्या वार्तापटातलं होतं आणि हँक्सला निळ्या पडद्यासमोर वेगळं चित्रित केलेलं होतं. दोन चित्रणं अशी एकत्र आणून जी चौकट तयार होते, तिला कंपोझिट म्हणतात. नटाभोवतीचा पडदा नेमका कापणं हे या कामातलं निम्मंच कौशल्य झालं. कापलेला माणूस त्याच हवेत, त्याच उजेडात, त्याच लेन्समधून टिपल्यासारखा दिसायला हवा. त्यासाठी रंग, गडद-उजळपणा आणि लेन्सची खूण यांची जी जुळणी करावी लागते, तिचं शास्त्र एका उदाहरणातून पाहू.

समजा, ऐतिहासिक मराठी चित्रपटातलं दृश्य आहे. संध्याकाळी गडाच्या तटावर मावळा उभा आहे. तट आणि मागची दरी प्रत्यक्ष गडावर चित्रित झाली. या मूळ चित्रणाला ‘प्लेट’ म्हणतात. मावळ्याचं काम करणारा नट मात्र स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर पांढऱ्या दिव्यांत उभा राहिला. हिरवा रंग काढून नट तटावर बसवला, की पहिल्या नजरेत जाणवतं ते त्याचं चिकटवल्यासारखं दिसणं. नवखा माणूस लगेच त्याच्या चेहऱ्यावर नारिंगी छटा चढवतो. अनुभवी माणूस आधी त्याचे केस पाहतो, कारण चित्रातला सगळ्यात गडद भाग तिथे असतो.

स्टुडिओत कॅमेरा आणि नट यांच्यात स्वच्छ हवेचे काही फूटच असतात, म्हणून केसांतला काळा रंग जवळपास पूर्ण काळा येतो. गडावर तट कॅमेऱ्यापासून दूर असतो. मधल्या हवेतले धुळीचे आणि बाष्पाचे कण प्रकाश विखुरतात आणि त्यातला काही थेट लेन्समध्ये शिरतो. त्यामुळे तटाच्या भेगेतला अंधारही किंचित उजळ आणि बहुधा निळसर दिसतो. अंतर वाढेल तसा तो आणखी उजळतो. म्हणून नटाचा काळा रंग जुळवायचा तो, नट जितक्या अंतरावर उभा असल्याचं दाखवायचं आहे तितक्याच अंतरावरच्या काळ्याशी. मागच्या डोंगराशी तो जुळवला, तर माणूस धुक्यात विरघळल्यासारखा दिसेल.

आता आकडे घेऊ. हे काम ‘लिनिअर’ मोजपट्टीवर चालतं, म्हणजे प्रकाश दुप्पट तर आकडाही दुप्पट. तटाच्या भेगेत लाल रंगाचा आकडा ०.०२० आहे आणि निळ्याचा ०.०३२. नटाच्या केसांत दोन्ही ०.००४ आहेत. दुसऱ्या टोकाला, तटावरच्या उन्हातल्या पांढऱ्या निशाणात लाल ०.८०० आणि निळा ०.४०० आहे, कारण मावळतीचं ऊन तांबूस असतं. नटाच्या पांढऱ्या अंगरख्यात मात्र दोन्ही ०.७०० आहेत. काळ्याला काळं आणि पांढऱ्याला पांढरं जोडलं, की लाल रंगासाठी हे समीकरण मिळतं:

```
out = (in - 0.004) / (0.700 - 0.004) * (0.800 - 0.020) + 0.020
```

निळ्यासाठी हेच गणित निळ्याचे आकडे घालून वेगळं करायचं. नटाच्या चित्रात ०.१८० वर असलेला राखाडी भाग आता लाल रंगात सुमारे ०.२१७ वर आणि निळ्यात ०.१२५ वर येतो. सावल्या निळसर आणि उजेडाचे भाग तांबूस, ही संध्याकाळची ओळख एकाच पायरीत साधली. सबंध चेहऱ्यावर एकच नारिंगी छटा चढवून ती मिळत नाही, कारण त्याने काळा रंगही नारिंगी होतो.

इथे एक खोड हमखास निघते. अर्धपारदर्शक कडा, उदाहरणार्थ उडणारी बट, चित्रात ‘अल्फा’ नावाच्या चौथ्या वाहिनीने नोंदलेली असते आणि रंगांचे आकडे सहसा त्या अल्फाने आधीच गुणलेले असतात. तशा चित्रात ०.०२० मिळवले, तर नट जिथे नाहीच तिथेही ते मिळवले जातात. मग त्याच्याभोवती फिकट चौकोन उमटतो आणि केसांच्या कडेला उजळ रेघ येते. उपाय ठरलेला आहे: आधी अल्फाने भागायचं, रंग दुरुस्त करायचा आणि पुन्हा गुणायचं. ‘न्यूक’ या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी `Unpremult` आणि `Premult` असे नोड आहेत.

रंग जुळले, तरी लेन्स वेगळी असते. प्रत्यक्षात प्रकाश आधी लेन्समधून जातो आणि मग सेन्सरवर पडतो, म्हणून जुळणीही त्याच क्रमाने करायची. आधी अस्पष्टता, म्हणजे नट फोकसमध्ये किती आहे ते. मग लेन्सचा बाक. रुंद कोनाच्या लेन्समध्ये चौकटीच्या कडेच्या सरळ रेषा वाकतात. त्यासाठी प्लेट आणि नट या दोघांचाही बाक आपापल्या लेन्सच्या मापाने काढून टाकतात, जोडकाम सपाट चित्रात करतात आणि शेवटी सगळ्याला प्लेटच्या लेन्सचा बाक परत देतात. लेन्सच्या कडेला लाल आणि निळ्या प्रतिमा किंचित सरकतात. ही झालर प्लेटमध्ये आधीच असते, ती फक्त नटाला द्यायची.

सेन्सरची खूण म्हणजे ग्रेन, आणि तो रंगजुळणीनंतरच घालावा लागतो. वरच्या गणितात नटाच्या निळ्या रंगाला सुमारे ०.५३ ने गुणलं गेलं, म्हणजे त्यातला मूळचा ग्रेनही जवळपास निम्मा झाला. लालातला मात्र १२ टक्क्यांनी वाढला. म्हणून आधी नटाचा ग्रेन शक्य तितका काढतात आणि मग प्लेटमधल्या ग्रेनचा आकार व जोर प्रत्येक वाहिनीत मोजून तो नटावर चढवतात.

जुळलं की नाही, हे डोळ्याला पटकन कळत नाही, कारण डोळा सवयीने सांभाळून घेतो. म्हणून पडद्याचा गॅमा तात्पुरता खूप वाढवतात. अंधारातले फरक लगेच उघडे पडतात आणि केस तटाच्या भेगांपेक्षा काळे असतील तर तिथेच दिसतात. मग उजेड खूप कमी करून पांढरे भाग पाहतात. शेवटी लाल, हिरवी, निळी वाहिनी एकेक करून कृष्णधवल पाहतात. तिन्हींत नट तटावरचाच वाटला, तर जुळणी झाली. त्यानंतरच सगळ्या चौकटीवर चित्रपटाची एकत्रित रंगसंगती चढते. आधीचा फरक ती मिटवत नाही. उलट, तिने कॉन्ट्रास्ट वाढवला तर तो फरक आणखी ठळक होतो.

या साऱ्याला एक मर्यादा आहे. उजेड कोणत्या दिशेने आला आणि सावलीची कड धारदार आहे की मऊ, हे रंगाच्या आकड्यांनी बदलत नाही. गडावर ऊन डावीकडून आणि स्टुडिओत मुख्य दिवा उजवीकडून असेल, तर कितीही मेहनत घेतली तरी माणूस परकाच राहतो. म्हणून लघुपट करणाऱ्यांनी चित्रीकरणाच्या जागी थोडा वेळ काढावा. प्लेट घेतली, की त्याच उजेडात, नट उभा असायला हवा त्याच जागी एक राखाडी चेंडू आणि रंगतक्ता धरून काही सेकंद टिपावेत. लेन्सची लांबी आणि फोकसचं अंतर वहीत लिहावं आणि त्याच लेन्समधून चौकटींचा तक्ताही टिपावा. नटाला उजेड द्यायच्या आधी या नोंदी स्टुडिओतल्या दिवेवाल्याच्या हातात पडायला हव्यात.