‘सध्या’ खोडल्यावर

रविवारी दुपारी सरांचा फोन आला. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली डाय मेंटेनन्स केलं. सोडून आठ महिने झाले होते.

“अरे, परत ये. पोरं नवीन आहेत, डाय उघडायला घाबरतात. पगाराचं मी बघतो.”

फोनवर मला ‘नाही’ म्हणवेना. “मंगळवारपर्यंत कळवतो,” म्हणालो आणि रात्री मेसेज लिहायला बसलो. पहिला खर्डा असा होता: ‘सर, सध्या थोडं अवघड आहे. नाइट शिफ्टचा घरी त्रास होतो, शिवाय चाकण लांब पडतं. पुढे बघू.’

पाठवण्याआधी तो सरांच्या नजरेने वाचला. ब्रेकडाऊन आला की कारण शोधायचं आणि काढून टाकायचं, हा त्यांचा रोजचा धंदा. नाइट नको? जनरल शिफ्ट देतील. चाकण लांब? कंपनीची बस आहेच. ‘सध्या’ आणि ‘पुढे बघू’ वाचून तर ते दोन महिने जागा रिकामी ठेवतील आणि पुन्हा फोन करतील. त्यांना दूर करता येईल असं कारण मी सांगितलं, तर तो नकार राहत नाही, नुसती अट होते. शिवाय सगळ्या अटी मान्य झाल्या असत्या, तरी मी जाणार नव्हतो. म्हणजे खरं कारण मी लिहिलंच नव्हतं.

खरं कारण त्या कामातच होतं. डाय प्रेसवरून उतरते, तेव्हा तिच्यासोबत शेवटचा पीस बांधून पाठवतात. डाय उघडण्याआधी तो पीस हातात घ्यायचा आणि कडेवरून बोट हलकेच फिरवायचं. सगळीकडे सारखी बर लागली, तर बहुधा धार गेलेली असते. एकाच बाजूला लागली, तर पंच मधोमध उतरत नाही, गाइड पिलर-बुश झिजलेत का ते बघायचं. एका ब्रॅकेटच्या डायला मात्र नवी धार लावा, बुश बदला, त्याच कोपऱ्यावर बर परत यायची. तिथे पंच आणि डायमधली फट मुळात ड्रॉइंगमध्येच जास्त धरलेली होती. आम्ही घासायचो, ती पुन्हा यायची. ड्रॉइंगला हात लावायचा अधिकार आमच्या टेबलावर नव्हता. ती फट ठरवायचं काम शिकावं, म्हणून मी टूल डिझाइनमध्ये गेलो. आता माझ्या पहिल्या प्रोग्रेसिव्ह डायची ट्रायल पुढच्या महिन्यात आहे.

मग आभाराकडे वळलो. ‘तुमच्याकडून खूप शिकलो’ हे वाक्य निरोप समारंभात सगळेच म्हणतात, म्हणून एक प्रसंग आठवला. एकदा ग्राइंडिंगनंतर पंचाखाली शिम टाकायला मी विसरलो. जेवढा घासला तेवढा पंच आखूड पडला, भोकं आरपार पडेनात, आणि लाइन साडेतीन तास बंद राहिली. मीटिंगमध्ये सर एवढंच म्हणाले, “चूक माझ्या डिपार्टमेंटची.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मला समोर बसवून डाय बंद करण्याआधीची यादी लिहून घेतली.

मंगळवारी सकाळी पाठवलेला मेसेज असा:

‘सर, नमस्कार. मला परत यायला जमणार नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे माणूस शोधणं अडायला नको. तुम्ही आठवण ठेवून बोलावलंत, आभारी आहे. शिमच्या वेळी तुम्ही मला सांभाळून घेतलंत. तेव्हाची यादी आजही माझ्या टेबलावर आहे. इथे माझ्या पहिल्या डायची ट्रायल तोंडावर आहे, ती अर्धी टाकून निघणं बरोबर नाही. पण ट्रायल झाल्यावरही मी येणार नाही. मला आता डिझाइनच करायचं आहे. पगार किंवा शिफ्टचा प्रश्न नाही. सेकंड शिफ्टमधला तो मुलगा शेवटच्या पीसवर तारीख घालून ठेवतो, त्याला एकदा डाय उघडू देऊन बघा.’

‘काही अडलं तर कधीही फोन करा’ असं लिहून मी खोडलं. रात्री दोनला फोन आला असता, तर मी उचलला असता, आणि पगार न घेता जुनीच नोकरी चालू राहिली असती.

जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं: ‘कळलं. उद्या ब्रॅकेटची डाय येतेय, त्यालाच उघडायला लावतो. तुझी फट नीट धर.’