गृहबांधणी प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य

सदनिका टप्प्याटप्प्याने विकून त्याच पैशावर बांधकाम पुढे नेणाऱ्या प्रकल्पातील सर्व भावी जमाखर्चाचे आजच्या रुपयांत केलेले मोजमाप. पैसा कधी येतो व कधी जातो, यावर ते अवलंबून असते. केवळ एकूण नफ्यावरून ते कळत नाही.

उदाहरणादाखल, एका लहान विकासकाच्या १२ सदनिकांच्या इमारतीत प्रत्येक सदनिकेची किंमत ५० लाख रु. आहे असे मानू. जमीन व परवानग्यांसाठी प्रारंभीच १८० लाख रु. द्यावे लागतात. बांधकामास पुढील तीन वर्षांत अनुक्रमे १२०, १५० व ३० लाख रु. लागतात. पहिल्या वर्षी चार सदनिकांची ३० टक्के रक्कम, म्हणजे ६० लाख रु. येतात. दुसऱ्या वर्षअखेर नऊ सदनिका विकल्या जाऊन प्रत्येकीची ६० टक्के रक्कम जमा झालेली असते. त्यामुळे त्या वर्षाची जमा २१० लाख रु. होते. तिसऱ्या वर्षी या नऊ सदनिकांचे उरलेले १८० लाख व शेवटच्या तिन्हींचे १५० लाख रु. मिळतात. एकूण जमा ६०० व खर्च ४८० लाख असल्याने वाढावा १२० लाख रु. दिसतो.

विकासकास आपल्या भांडवलावर वार्षिक १५ टक्के परतावा अपेक्षित असेल, तर एका वर्षाने मिळणाऱ्या रकमेस १.१५ ने, दोन वर्षांनी मिळणाऱ्या रकमेस १.१५ च्या वर्गाने व तिसऱ्या वर्षीच्या रकमेस घनाने भागतात. तिन्ही वर्षांची निव्वळ रक्कम अनुक्रमे उणे ६०, अधिक ६० व अधिक ३०० लाख रु. आहे. तिची वर्तमान किंमत अनुक्रमे उणे ५२.२, अधिक ४५.४ व अधिक १९७.३ लाख येते. यातून प्रारंभीचे १८० लाख वजा जाता सु. १०.५ लाख रु. उरतात. प्रकल्प स्वीकारार्ह आहे, पण जेमतेम.

कर्जावरील व्याज मात्र या रकमांतून पुन्हा वजा करावयाचे नसते, कारण भांडवलाची किंमत वटाव दरात आलेलीच असते. ही चूक वारंवार आढळते. तसेच स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून कामाच्या प्रगतीच्या प्रमाणातच काढता येते. म्हणून दुसऱ्या वर्षीचा सर्व वाढावा हाती आला असे गृहीत धरू नये. खात्यात अडकलेला भाग तो प्रत्यक्ष सुटेल त्या वर्षी मांडावा.

शेवटच्या तीन सदनिका एक वर्ष विकल्या गेल्या नाहीत, तर १२० लाखांचा वाढावा तसाच राहतो. परंतु निव्वळ वर्तमान मूल्य उणे २.४ लाख रु. होते. वर्षभराने मिळणारे ५० लाख रु. हे तिसऱ्या वर्षअखेरच्या सु. ४३.५ लाखांइतकेच असल्याने, ग्राहक समोर असताना सदनिकेमागे साडेसहा लाखांपर्यंत सूट देणे हे वाट पाहण्यापेक्षा तोट्याचे ठरत नाही. रिकाम्या सदनिकांचा देखभाल खर्च व मालमत्ता कर धरल्यास ही मर्यादा आणखी वाढते.