पहिली सहविचार सभा

जूनचा दुसरा आठवडा. मुलं यायला दोन-तीन दिवस अवकाश आहे. स्टाफरूममध्ये चहाचे कप, विषयवाटपाचा कागद आणि टोकाच्या खुर्चीत नवे मुख्याध्यापक. जुने ३१ मे रोजी निवृत्त झाले. (शिक्षकांच्या एका अख्ख्या पिढीचा जन्म १ जूनचा कसा, हे त्यांचं नाव शाळेत घालणाऱ्या गुरुजींनाच ठाऊक!)

खुर्चीतलं माणूस नवं असलं तरी नवखं नसतं. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार हे पद सेवाज्येष्ठतेने भरलं जातं आणि संस्थेच्या अनेक शाळा असतील तर त्या सगळ्या मिळून ज्येष्ठता पाहिली जाते. त्यामुळे दुसऱ्या शाखेत पंचवीस वर्षं काढलेल्या बाई एके दिवशी इथे रुजू होतात. शिकवणं, बोर्ड, संचमान्यता सगळं त्यांना पाठ असतं. पण पाचवी ‘ब’ची मुलं मधल्या सुट्टीनंतर का गळतात, हे शिपाईमामांना माहीत असतं आणि बाईंना नसतं. शिवाय समोरच बसलेल्या पर्यवेक्षकांनी मधले काही दिवस शाळेचा पदभार सांभाळलेला असतो. पहिल्या भाषणात बोलायचं असतं ते या खोलीशी.

हे भाषण फसतं ते बहुधा एका वाक्यामुळे: “आमच्या तिकडच्या शाळेत असं करायचो.” एकदा म्हटलं तर चालून जातं, तिसऱ्यांदा म्हटलं की मागच्या बाकावर कोपरं ढोसली जातात. उलट टोकाला “मी तर तुमच्याकडून शिकायला आलोय” असं म्हणून खाली बसणारेही असतात. ती नम्रता ऐकायला गोड वाटते, पण सोमवारी नेमकं काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. पाचवी ते दहावीची शाळा आहे, शिक्षक २४, पाचवीच्या दोन तुकड्यांत मिळून ६४ मुलं. बाई उभ्या राहतात आणि म्हणतात, “दुसरीच्या पातळीचा उतारा पाचवीतल्या प्रत्येक मुलाला न अडखळता वाचता आला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आज किती जणांना येत नाही, ते मला माहीत नाही. २० जूनला ते आपल्या सगळ्यांना एकदमच कळेल.”

ठाम काय आणि अजून कळायचं काय, यातली रेघ त्यांनी इथेच ओढली. मुलाला काय यायला हवं हे ठरलेलं आहे. इथे ते का येत नाही, हे मात्र इथल्याच माणसांना विचारायचं आहे. पद्धतही साधी आहे: ‘असर’च्या पाहणीत करतात तसं एकेका मुलाला बाजूला बसवून उतारा वाचायला द्यायचा. मुलामागे तीन मिनिटं धरली तर दोन शिक्षकांचं काम प्रत्येकी साधारण दीड तासात आटोपतं. न वाचणाऱ्यांची संख्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत निम्म्यावर आणायची. असं उद्दिष्ट एकच ठेवावं. सात ठेवली तर शिक्षक त्यातलं सगळ्यात सोपं उचलतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मग बाई आपले हात बांधून घेतात. वेळापत्रक आणि विषयवाटप दिवाळीपर्यंत जसंच्या तसं. जुलैअखेर त्या वर्गात मागे बसतील, पण लॉगबुक न घेता, कारण ती वही हातात दिसली की नेहमीचा तास बाजूला राहतो आणि दाखवायचा तास सुरू होतो. प्रत्येक शिक्षकाच्या मोकळ्या तासात वीस मिनिटं बसून त्या दोनच प्रश्न विचारतील: इथलं काय मोडू नये? आणि कशाने तुमचा वेळ फुकट जातो? दिवसाला दोघं धरले तरी २४ जण बारा दिवसांत होतात. सुरुवात पर्यवेक्षकांपासून, आणि तेही सभेतच सगळ्यांसमोर सांगून. लेखनिक आणि शिपाईमामाही यादीत हवेत.

धोका याच्या पुढे आहे. उत्तरं ऐकून काहीच हललं नाही, तर भेटी नुसता उपचार ठरतात आणि पुढच्या वर्षी कुणी तोंड उघडत नाही. म्हणून पंधरवड्यात एखादी छोटी अडचण तरी सुटलेली दिसावी. तीच माहिती तीन तक्त्यांत भरावी लागत असेल तर एक तक्ता बंद करावा. भाषण पोचलं की नाही, हे टाळ्यांवरून ठरत नाही. न बोलावता कुणी केबिनमध्ये येऊन “बाई, एक सांगायचं होतं,” म्हणालं, की पोचलं असं समजावं.

राहता राहिलं इतिवृत्त. “मा. मुख्याध्यापकांनी मार्गदर्शन केले” या एका ओळीत आजवर अशी कित्येक भाषणं गडप झाली आहेत. तिच्या जागी चार गोष्टी लिहून घ्या: ६४ मुलं, २० जून, दिवाळीपर्यंत निम्मी, तोवर वेळापत्रकात बदल नाही. त्याखाली पहिली सही मुख्याध्यापकांची.