भिंतीवरचा पासवर्ड

“आमच्या अभ्यासिकेत आता पासवर्ड नसतोच, स्कॅनर लावलाय,” असं एमपीएससीची तयारी करणारी आमच्या शेजारची मुलगी सहज बोलून गेली. पासवर्ड नसतोच म्हणजे काय, ते बघायला मी सदाशिव पेठेतल्या त्या जागेत गेले. दुसरा मजला, लाकडी कप्प्यांच्या रांगा, प्रत्येक कप्प्यात एक दिवा आणि एक वाकलेली मान. दारापाशी भिंतीवर तळहाताएवढा काळा-पांढरा चौकोन. येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता त्याच्यासमोर फोन धरतो, पडद्यावर आलेल्या ‘जोडा’वर बोट ठेवतो आणि आत जातो. फळ्यावर पासवर्ड लिहिलेला असायचा तेव्हा ‘हे शून्य आहे की ओ?’ हा प्रश्न दिवसभर चालायचा म्हणे.

हे चौकोन बनवणारा मुलगा जिन्याखालच्या खोलीत बसतो. पेठेतल्या काही अभ्यासिकांचं वायफाय तोच सांभाळतो. एक जुना लॅपटॉप, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं यंत्र. गरम प्लॅस्टिकचा तो वास खोलीभर होता, आणि नंतर घरी आल्यावर माझ्या ओढणीलाही येत होता.

“पासवर्ड नसतोच का रे?” मी विचारलं. तो हसला. फोनमध्ये कोडातला मजकूर नुसता वाचून दाखवणारं एक ॲप त्याने उघडलं, नुकत्याच छापलेल्या कागदावर धरलं आणि फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर हे होतं:

```
WIFI:T:WPA;S:Abhyas_2F;P:Pune;411030;;
```

एवढंच. T पुढे सुरक्षेचा प्रकार, S पुढे नेटवर्कचं नाव, P पुढे पासवर्ड, उघडावाघडा. कुठलंही कुलूप नाही. डोळ्यांना वाचता येत नाही म्हणून लपल्यासारखा वाटतो, इतकंच. फोन ही ओळ वाचतो, तिचे तुकडे करतो आणि आपण बोटांनी केलं असतं ते टंकन स्वतः करतो. त्यापुढचं नेहमीसारखंच: फोन आणि राउटर एकमेकांकडे पासवर्ड आहे याची खातरजमा करतात, पण खुद्द पासवर्ड हवेतून पाठवत नाहीत. म्हणजे हवेत जी काळजी घेतली जाते, ती भिंतीवर कुणी घेत नाही.

त्या दिवशी तो कागद चालत मात्र नव्हता. नाव बरोबर दिसायचं, ‘जोडा’ म्हटलं की काही फोन जरा वेळ घुटमळायचे, काही सरळ नकार द्यायचे. एक मुलगी खाली येऊन सांगून गेली, “दादा, स्कॅनर बिघडलाय.” दादाने कॅमेरा, प्रकाश, कागद यातल्या कशालाच हात लावला नाही. त्याने ती ओळ पुन्हा वाचली आणि जीभ चावली. मालकांनी सकाळी नवा पासवर्ड ठरवला होता, पेठेच्या पिनकोडवरून: Pune;411030. त्यातल्या अर्धविरामाने घात केला होता. या ओळीत अर्धविराम आला की ‘इथे हा भाग संपला’ असं फोन समजतो. त्यामुळे त्याच्या लेखी पासवर्ड ‘Pune’वरच संपला. चार अक्षरं, वायफायचा पासवर्ड तर किमान आठ अक्षरांचा लागतो. हाताने टाकला तर तोच पासवर्ड बिनबोभाट चालत होता, म्हणून मालकांचा विश्वास बसेना.

उपाय एका तिरक्या रेघेचा. अर्धविरामाच्या आधी ती टाकली, की पुढचं चिन्ह पासवर्डातलंच आहे हे फोनला कळतं:

```
WIFI:T:WPA;S:Abhyas_2F;P:Pune\;411030;;
```

स्वल्पविराम, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह आणि ती तिरकी रेघ स्वतः, यांनाही हाच नियम. त्याने रेघ टाकली, कोड पुन्हा बनवला, आधी स्वतःच्या फोनवर आणि मग एका काच तडकलेल्या जुन्या फोनवर तपासला. “याच्यावर चालला की सगळ्यांवर चालतो.”

कोड तो लॅपटॉपमधल्याच एका प्रोग्रॅमवर बनवतो, वेबसाइटवर नाही. त्यामागे कारण आहे. काही वेबसाइट जो चौकोन देतात, त्यात पासवर्डाऐवजी त्यांच्या पानाचा पत्ता असतो. तो उघडायला आधी इंटरनेट लागतं. तळघरातल्या एका अभ्यासिकेत असा कोड लागला होता. तिथे मोबाइलला रेंजच नाही, म्हणजे वायफाय मिळवायला आधी वायफाय हवं. खऱ्या कोडाला इंटरनेटची गरजच पडत नाही; लागेल ते सगळं कागदावर असतं.

लॅमिनेशनच्या यंत्रातून कागद सरकत असताना तो म्हणाला, “तीस टक्के खराब झाला तरी चालतो, मॅडम.” हा आकडा त्याच्या बोलण्यात सारखा येतो. डाग पडला, तीस टक्के. कोपरा फाटला, तीस टक्के. आकडा खरा आहे, पण तो सगळ्यात वरच्या पातळीचा. दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात, साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्क्यांच्या, आणि जास्त सुरक्षितता हवी तर जागाही जास्त लागते. ही 39 चिन्हांची ओळ 15 टक्क्यांच्या पातळीवर 29 बाय 29 ठिपक्यांत बसते. 30 टक्क्यांसाठी 37 बाय 37 लागतात. कागद तेवढाच ठेवला तर ठिपके बारीक होतात आणि लांबून वाचवत नाहीत.

आणि हे टक्के मजकुराच्या ठिपक्यांचे. मी कोडाच्या मधोमध अंगठा ठेवला, फोनने वाचलं. कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनावर रुपयाचं नाणं ठेवलं, तर फोन ढिम्म. कॅमेरा आधी ते तीन चौकोनच शोधतो. त्यांच्या मधून कुठल्याही दिशेने रेघ ओढली तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच येतं, म्हणून फोन तिरका-उलटा धरला तरी चालतं. ही युक्ती जपानच्या डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, 1994 सालची, मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी. तिथे आधी चौकोन सापडणं महत्त्वाचं होतं. तेच सापडले नाहीत तर तीस टक्के काय कामाचे?

मला मात्र राहून राहून जिन्यातली मुलं आठवतात. फी थांबवलेली दोन-तीन मुलं संध्याकाळी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसून व्हिडिओ लेक्चर बघतात. त्यांना दारापर्यंत जायचीही गरज नाही. अँड्रॉइड 10 पासून जोडलेला फोन आपल्याच पडद्यावर तसाच चौकोन दाखवतो, खाली पासवर्डही अक्षरांत लिहिलेला असतो. एकाने घेतला की सगळ्यांचा. भिंतीवरचा कागद काढून काहीच साधत नाही. पासवर्डच बदलावा लागतो, आणि मग आत फी भरून बसलेले सगळेही बाहेर पडतात. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला नवा पासवर्ड, नवा कागद, नवं प्लॅस्टिक. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देणारी यंत्रणा असते, मालकांना ती महाग वाटते. पायऱ्यांवरच्या मुलांबद्दल मला राग येत नाही, हे इथे सांगून टाकते. चौकोन बनवणाऱ्या मुलालाही येत नसावा. त्याने त्यांच्याबद्दल मालकांकडे कधी तक्रार केलेली नाही.

निघताना मालक खाली आले. कोडाच्या मध्यभागी अभ्यासिकेचं बोधचिन्ह हवं होतं त्यांना, मोठं, ठसठशीत. “अरे, तूच म्हणतोस ना तीस टक्के?”

“काका, बोधचिन्ह खाली छापू,” तो म्हणाला. “आणि पुढच्या महिन्याच्या पासवर्डात नुसती अक्षरं आणि आकडे ठेवा.”