प्रबंध शोधगंगेत सोडण्यापूर्वी

व्हायव्हा पार पडला, परीक्षकांनी पदवीची शिफारस केली, पेढे वाटून झाले, की पीएचडीच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक खेप घालावी लागते. तिथे प्रबंधाच्या पीडीएफ फायली द्यायच्या आणि संमतीपत्रावर सही करायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे जायला हवी. या केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार कोणालाही मोफत वाचता येते. पदवीचे नोटिफिकेशन या प्रतीसाठी अडलेले असते, नोकरीचा अर्ज नोटिफिकेशनसाठी अडलेला असतो आणि म्हणून बहुतेकांची सही घाईत होते. पण त्या कागदावर दोन गोष्टी कायमच्या ठरतात : आपण कोणते हक्क देतो आहोत, आणि प्रबंध जगाला कधीपासून वाचता येणार आहे.

आधी हक्कांचे पाहू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रबंधाचा पहिला मालक तो लिहिणारा असतो. नोकरीच्या करारात किंवा कंपनीने पैसा पुरवलेल्या प्रकल्पात वेगळे ठरले असेल, तर गोष्ट निराळी. हा हक्क दुसऱ्याच्या नावे व्हायचा असेल तर सहीनिशी लेखी करार लागतो. विद्यापीठाने नुसते गृहीत धरून तो त्यांचा होत नाही. म्हणून संमतीपत्रातले क्रियापद नीट वाचावे. ‘प्रबंध साठवण्याची आणि वाचकांना उपलब्ध करून देण्याची परवानगी देत आहे’ असे असेल तर मालकी आपल्याकडेच राहते. ही परवानगी एकट्या विद्यापीठापुरती नसेल, तर उद्या त्याच प्रबंधाचे पुस्तक काढायलाही आपण मोकळे असतो. ‘सर्व हक्क विद्यापीठाकडे हस्तांतरित करत आहे’ असे असेल तर मात्र पेन खाली ठेवून गाईडशी आणि ग्रंथपालांशी बोलावे. शोधगंगेवर प्रबंधाच्या नोंदीत dc.rights असा एक रकाना असतो आणि त्यात पुष्कळदा university एवढाच शब्द दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये. मालकी त्या रकान्यावरून ठरत नाही, सही केलेल्या कागदावरून ठरते. त्यासाठीच संमतीपत्राची प्रत आपल्याजवळ हवी.

शोधगंगेवरचे प्रबंध CC BY-NC-SA 4.0 या परवान्याखाली दिसतात. श्रेय देऊन आणि पैसे न कमावता कोणीही मजकूर वापरू शकतो, त्याचा अनुवादही करू शकतो. मात्र त्या अनुवादालाही हाच परवाना लावावा लागतो. कोणी प्रकाशक प्रबंध छापून विकू लागला तर ते चालणार नाही. लेखकाला स्वतःला मात्र हे बंधन नाही. एकदा या परवान्याखाली घेतलेली प्रत मागे घेता येत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

एखादे प्रकरण आधीच जर्नलमध्ये छापले गेले असेल तर त्या लेखाचे हक्क आपण पूर्वीच प्रकाशकाला लिहून दिलेले असण्याची शक्यता मोठी. काही प्रकाशक प्रबंधापुरती मोकळीक देतात. एल्सव्हिएर, उदाहरणार्थ, लेखकाला आपला लेख प्रबंधात घेऊ देते आणि मूळ लेखाचा दुवा दिला तर तो प्रबंध विद्यापीठाला खुला ठेवू देते. सगळ्यांचे नियम असे नसतात, त्यामुळे जर्नलच्या करारातला हा भाग सबमिशनच्या आधीच काढून वाचावा. दुसऱ्याचे नकाशे, छायाचित्रे, अख्ख्या कविता परिशिष्टात घेतल्या असतील तर त्यांची परवानगी वेगळी. परीक्षकांच्या टेबलावरच्या प्रतीत जे खपून जाते, ते इंटरनेटवर खपेलच असे नाही.

आता एम्बार्गो, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत प्रबंधाचा मजकूर बंद ठेवणे. याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज पेटंटच्या बाबतीत आहे. भारतात शोध नवा असावा लागतो, आणि अर्जाच्या आधी तो लोकांसमोर आला की नवेपणा जातो. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या प्रसंगांना बारा महिन्यांची सूट आहे, पण खुल्या भांडारात ठेवलेल्या प्रबंधाने त्या सुटीवर विसंबू नये.

समजा, रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने द्राक्षे जास्त दिवस टिकवणारा लेप शोधला आहे आणि तो तिच्या चौथ्या प्रकरणात आहे. सबमिशनपूर्व सादरीकरण आणि व्हायव्हा, दोन्ही विभागातल्या शिक्षकांना आणि इतर संशोधक विद्यार्थ्यांना खुले असतात, म्हणजे लेपाची कृती ग्रंथालयात पोहोचण्याआधीच बोलली जाते. तिने मार्च २०२५च्या सादरीकरणाआधी, फेब्रुवारीतच पेटंटचा तात्पुरता अर्ज भरला, हे योग्यच केले. संपूर्ण अर्जाला कायदा बारा महिने देतो. तिची मुदत फेब्रुवारी २०२६. पण मधल्या काळात तिला आढळले की लेप ठरावीक तापमानाला वाळवला तर तो दुप्पट टिकतो. हे तापमान तात्पुरत्या अर्जात नव्हते. व्हायव्हात तिने त्याचा उल्लेख टाळला, पण प्रबंधाच्या तक्त्यात ते आहे, आणि प्रबंध जानेवारी २०२६मध्ये ग्रंथालयात जायचा आहे. तो तेव्हाच खुला झाला तर फेब्रुवारीच्या अर्जात घातलेले तापमान नवे राहणार नाही. या एका महिन्यासाठी तिला एम्बार्गो हवा. संपूर्ण अर्ज जानेवारीच्या आधीच भरला असता, तर पेटंटसाठी एम्बार्गोची गरजच उरली नसती. पेटंटची राखण अर्जाची तारीख करते, एम्बार्गो तिच्या मागची दुसरी कडी आहे.

ही कडी नीट बसली का, ते फायलींच्या नावांवरून तपासता येते. शोधगंगेसाठी प्रबंध प्रकरणवार तोडून देतात : 01_title.pdf, मग पुढची पाने, मग एकेक प्रकरण. शेवटी 80_recommendation.pdf असते, ज्यात मुखपृष्ठ आणि निष्कर्षाचे प्रकरण पुन्हा येते. विद्यार्थिनीने फक्त चौथे प्रकरण बंद करायला सांगितले, तर वाळवण्याचे तापमान निष्कर्षातून आणि या शेवटच्या फायलीतून जगासमोर येईल. गोषवाराही पाहावा, कारण एम्बार्गो असला तरी प्रबंधाचे नाव, विषय आणि बहुधा गोषवारा दिसत राहतात. गोषवाऱ्यात फळे किती टिकली ते लिहावे, लेप कसा केला ते नव्हे. आणि ग्रंथालयाच्या कपाटातली छापील प्रत? तीही तेवढ्या मुदतीपर्यंत वाचकांना देऊ नये, असे अर्जात वेगळे लिहून घ्यावे. कपाटातली प्रतही लोकांसमोर आलेलीच समजली जाऊ शकते.

मुदत कारणापुरती मागावी, असे माझे ठाम मत आहे. वरच्या विद्यार्थिनीला एक वर्ष पुष्कळ झाले. ‘कोणी चोरेल’ या भीतीने तीन वर्षे मागणाऱ्यांना मी सांगते, की आपल्या नावाने आणि तारखेने खुला असलेला प्रबंध हाच चोरी झाल्यास पहिला पुरावा असतो; कुलूपबंद प्रबंधातून उचललेले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुस्तकासाठी थांबायचे असेल तर आधी प्रकाशकाला विचारावे. प्रबंधाचे पुस्तक होताना मजकूर बहुतेक वेळा नव्याने लिहावा लागतो, आणि अशा वेळी प्रकाशकाची हरकत नसण्याचीही शक्यता असते.

एम्बार्गोचा अर्ज गाईडच्या सहीने, कारण आणि शेवटची तारीख लिहून, फायलींसोबतच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नोंद शोधगंगेवर दिसू लागली की त्याच दिवशी, लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये ती उघडून प्रत्येक फाईलवर क्लिक करून पाहावे. बंद असायला हवी ती फाईल उघडली, तर पोचेची प्रत जोडून ग्रंथपालांना त्याच दिवशी लेखी कळवावे; पेटंटचा अर्ज अपुरा असेल तर पेटंट एजंटलाही त्याच दिवशी फोन करावा.